धावणाऱ्या मुलाचा चेहरा फोटोत फिसकटला? तो सावरताना या चुका टाळा

धावणाऱ्या मुलाचा चेहरा फोटोत फिसकटला की बहुतेक जण आधी शार्पनेसची पट्टी उजवीकडे सरकवतात. गालावर दाणे येतात, शर्टाची शिवण टोकदार दिसायला लागते आणि डोळे मात्र होते तसेच राहतात. याचं कारण असं की शार्पनेस कडांच्या दोन बाजूंमधला फरक वाढवतो, पसरलेला प्रकाश जागेवर आणत नाही. शटर उघडं असताना मूल पुढे सरकतं, तेव्हा चेहऱ्यावरच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश एका छोट्या रेषेवर वाटला जातो. ती रेषा किती लांब आहे आणि कोणत्या दिशेला आहे हे कळलं, तर तो प्रकाश गणिताने बऱ्याच अंशी परत गोळा करता येतो. या कामाला डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात आणि त्या रेषेला कर्नल.

दादरला फोटो प्रिंटिंग आणि रिटचिंगचं काम करताना डिसेंबर-जानेवारीत असे फोटो माझ्याकडे सतत येतात, कारण शाळांच्या धावण्याच्या शर्यती तेव्हाच असतात. सगळ्या चुकांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: चेहरा किती हलला हे चेहऱ्यावर न मोजताच लोक दुरुस्तीला लागतात. म्हणून एकच फोटो घेऊन हे सविस्तर सांगतो.

फोटो शिवाजी पार्कवरचा होता. सहा वर्षांची मुलगी डावीकडून उजवीकडे धावते आहे, मागे कट्ट्यावर माणसं बसली आहेत, वेळ दुपारी चारनंतरची. आजोबांनी फोनच्या 3x लेन्सने फोटो काढलेला. त्यांना 5×7 इंची प्रिंट हवी होती आणि त्यांची मागणी अगदी नेमकी होती: "डोळे तेवढे नीट दिसू देत हो, हातपाय हललेले असले तरी चालतील." पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यामुळे सोपे झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर काम सुरू करणं

आजोबांनी फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं आणि पुन्हा दाबून साठवतं. मूळ 4000×3000 पिक्सेलच्या फोटोत चेहरा 240 पिक्सेल रुंद होता. माझ्याकडे आलेल्या प्रतीत तो शंभरच्या आत उरला. आकार कमी झाला हे तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान जेपेगच्या दाबण्यामुळे होतं. जेपेग चित्राचे 8×8 पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. ब्लर झालेल्या चेहऱ्यात उरलासुरला तपशील आधीच फिकट असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तोच जातो. अशा प्रतीवर डीकॉन्व्होल्यूशन चालवलं की पापण्यांऐवजी त्या चौकोनांच्या कडाच ठळक होऊन वर येतात. गालावर जाळी उमटली, तर प्रत दाबलेली आहे असं समजावं.

शिवाय या प्रतीतून फोटोची एक्झिफ माहिती निघून जाते आणि त्यातला शटरचा वेग आपल्याला लागणार असतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबल लावून फोनमधून सरळ उतरवून घ्या. फोन हातात आलाच आहे तर आधी-नंतरच्या फ्रेमही बघा. फोटो Live Photo किंवा Motion Photo असेल, किंवा बोट दाबून धरल्यामुळे एकापाठोपाठ चार-पाच फोटो निघाले असतील, तर त्यातल्या एखाद्यात चेहरा सहज कमी हललेला सापडतो. पाऊल जमिनीला टेकून डोकं वर जायच्या बेतात असतं त्या क्षणाची फ्रेम बरेचदा बरी निघते. अशी फ्रेम मिळाली तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

ब्लर कुठल्या प्रकारचा आहे हे न ओळखणं

प्रत्येक धूसर चेहरा हलल्यामुळेच धूसर झालेला नसतो. कधी फोकस मागच्या कट्ट्यावर गेलेला असतो, तर कधी कमी उजेडात फोनने दाणे पुसता पुसता त्वचाही पुसलेली असते. ओळखायची खूण अशी: चेहऱ्यावरचा किंवा चेहऱ्याजवळचा एखादा चमकणारा बारीक बिंदू शोधा. बुबुळात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, कानातली कुडी, शाळेच्या बिल्ल्याची पिन, घामाचा थेंब, काहीही चालेल. फोकस चुकला असेल तर तो बिंदू सगळीकडे सारखा फुगून गोल होतो. हलल्यामुळे ब्लर आला असेल तर त्याची रेघ होते. एकाऐवजी दोन फिके ठिपके किंवा दोन नाकं दिसली, तर फोनने दोन-तीन फ्रेम एकत्र जोडल्या आहेत. असा चेहरा एका सरळ रेघेच्या कर्नलने सुटत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

चमकता बिंदू मिळाला नाही तर आडव्या आणि उभ्या कडा वेगवेगळ्या बघाव्यात. मूल आडवं धावत असेल तर भुवया आणि ओठांमधली रेघ बऱ्यापैकी टिकून राहते, पण नाकाची बाजू, डोळ्यांचे कोपरे आणि गालाची कड पसरते. आजोबांच्या फोटोत नेमकं हेच होतं. दोन्ही बुबुळांत आकाशाची पांढरी रेघ होती, दोन्ही रेघा एकाच लांबीच्या, आणि उजवं टोक किंचित वर गेलेलं. दोन्ही डोळ्यांत रेघ सारखी आहे म्हणजे मुलीने त्या क्षणात मान वळवली नव्हती. तशी मान वळली असती तर दोन डोळ्यांचे कर्नल वेगळे निघाले असते आणि प्रत्येक डोळा स्वतंत्र सोडवावा लागला असता.

शटरच्या वेगावरून अंदाज न घेता हात घालणं

इथे दोन मिनिटं थांबून साधा हिशोब केला तर पुढचे तास वाचतात. सहा वर्षांचं मूल सेकंदाला साधारण 3 मीटर धावतं असं धरू. एक्झिफमध्ये शटर 1/200 सेकंद होतं. म्हणजे तेवढ्या वेळात मुलगी दीड सेंटिमीटर पुढे गेली. तिचा चेहरा सुमारे 13 सेंटिमीटर रुंद धरला आणि फोटोत तो 240 पिक्सेल आहे, तर एका सेंटिमीटरला साडेअठरा पिक्सेल पडतात. दीड सेंटिमीटर म्हणजे 28 पिक्सेल.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कितीही असोत, यात महत्त्वाचं काय ते चेहऱ्याच्या मानाने सरकणं किती हेच. डोळ्याची उघडी फट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. ब्लर तिच्या पाव भागाइतका असेल तर चेहरा छान सावरतो. अर्ध्याइतका असेल तर डोळ्याचा आकार, बुबुळाची जागा आणि नजर परत येते, पापण्या येत नाहीत. ब्लर डोळ्याएवढाच असेल, म्हणजे आडव्या धावण्यात शटर 1/120 च्या आसपास किंवा त्याहून मंद असेल, तर मी लोकांना सरळ सांगतो की यातून ओळखीचा चेहरा निघणार नाही. मूल कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येत असेल तर मात्र मंद शटरलाही आशा असते, कारण तेव्हा चेहरा फोटोत बाजूला फारसा सरकत नाही.

पूर्ण फोटोवर एकदम प्रक्रिया करणं

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते या चुकीने. हात थरथरून आलेला ब्लर सगळ्या फोटोवर साधारण सारखा असतो. मूल धावल्यामुळे आलेला ब्लर फक्त मुलावर असतो, आणि त्यातही हात, पाय, चेहरा यांचा वेगवेगळा. कर्नल आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रामला पूर्ण फोटो दिला तर तो जिथे कडा जास्त तिथला ब्लर मोजतो. शिवाजी पार्कच्या त्या फोटोत कडा जास्त होत्या कट्ट्यावरच्या माणसांमध्ये.

ती माणसं स्वस्थ बसलेली होती, तरी त्यांच्यावर 5 पिक्सेलचा आडवा ब्लर होता. आजोबांनी नातीच्या मागे फोन थोडासा फिरवला होता, म्हणून तो आला. फोन तिच्याबरोबर फिरल्यामुळे पार्श्वभूमी 5 पिक्सेल सरकली आणि तेवढीच चेहऱ्याची सरक कमी झाली. हिशोबाने 28, त्यातून 5 वजा केले की 23. बुबुळातली रेघ मी मोजली ती 26 पिक्सेल भरली. पण त्या ठिपक्याची स्वतःची रुंदी असतेच. रेघेची उभी जाडी 3 पिक्सेल होती, म्हणजे ठिपका मुळात तेवढा. 26 मधून 3 गेले, उरले 23. वेग मी अंदाजाने धरला होता, त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळायलाच हवेत असं नाही. पण ते एकमेकांच्या जवळ आले की आपण बरोबर गोष्ट मोजतो आहोत याचा भरवसा येतो. हिशोब 28 सांगतो आणि रेघ 60 भरते असं झालं, तर ती रेघ चमकत्या बिंदूची नसून दुसऱ्याच कशाची तरी आहे.

तेव्हा चेहरा कापून वेगळा घ्या. कापताना चारी बाजूंना कर्नलच्या लांबीच्या दुप्पट तरी जागा ठेवा, इथे सुमारे 50 पिक्सेल. प्रक्रियेत कापाच्या कडेशी पट्टे उमटतात. जास्तीची जागा ठेवलेली असली की ते तिथेच राहतात आणि नंतर छाटून टाकता येतात.

आधी शार्प करून किंवा दाणे पुसून मग सुरुवात करणं

डीकॉन्व्होल्यूशनचा सगळा आधार एका गृहीतकावर असतो: समोरचा फोटो म्हणजे स्पष्ट चित्र, त्यावर कर्नल फिरलेला आणि थोडे दाणे. मध्येच शार्पनेस वाढवला की कडांभोवती पांढऱ्या-काळ्या किनारी येतात आणि त्या किनारींना प्रोग्राम खरा तपशील समजतो. दाणे पुसले तर त्यांच्याबरोबर तो फिकट तपशीलही जातो. फोन स्वतः थोडं शार्प करतोच, ते आपल्या हातात नाही. फोनमध्ये रॉ फोटो साठवलेला असेल तर तो वापरा आणि उघडताना शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही शून्यावर ठेवा. पट्टी सरकवण्याची हौस शेवटी भागवता येते.

प्रकाशाच्या हिशोबाचीही एक अडचण आहे. जेपेगमधले आकडे डोळ्याला बरे दिसावेत म्हणून वाकवलेले असतात. पिक्सेलचा आकडा दुप्पट म्हणजे प्रकाश दुप्पट, असं तिथे नसतं. ब्लर मात्र खऱ्या प्रकाशात घडलेला असतो. म्हणून आधी आकडे सरळ करून, मग काम करून, शेवटी पुन्हा वाकवावे लागतात. हे न केल्यास उजळ कपाळ आणि काळे केस जिथे भेटतात तिथे काळी किनार येते.

लांबी आणि कोन ताणून धरणं

फोटोशॉपमध्ये काम करायचं असेल तर Filter > Sharpen > Smart Sharpen मध्ये Remove समोर Motion Blur निवडा, Angle मध्ये मोजलेला कोन द्या आणि Radius हळूहळू वाढवा. पाच-दहा पिक्सेलच्या ब्लरला ते पुरतं. त्यापुढे मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं scikit-image हे पॅकेज वापरतो, कारण त्यात कर्नल आपल्याला हवा तसा देता येतो. वापरायची पद्धत रिचर्डसन-लूसी. विल्यम रिचर्डसन यांनी ती 1972 मध्ये आणि लिऑन लूसी यांनी 1974 मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष लक्षात आल्यावर सुरुवातीच्या धूसर प्रतिमा सावरायलाही ती वापरली गेली. पद्धत अशी: स्पष्ट चित्राचा एक अंदाज घ्यायचा, त्यावर आपला कर्नल फिरवायचा, येणारा ब्लर खऱ्या फोटोशी ताडून बघायचा आणि फरकाप्रमाणे अंदाज सुधारायचा. हे फेऱ्याफेऱ्यांनी चालतं.

```python
import numpy as np
from skimage import io, restoration
from skimage.draw import line_aa

L, kon = 23, 10
r = (L - 1) / 2
dx = int(round(r * np.cos(np.deg2rad(kon))))
dy = int(round(r * np.sin(np.deg2rad(kon))))
psf = np.zeros((L + 4, L + 4))
c = (L + 4) // 2
rr, cc, v = line_aa(c + dy, c - dx, c - dy, c + dx)
psf[rr, cc] = v
psf /= psf.sum()

img = io.imread("chehra.png")[..., :3] / 255.0
lin = img ** 2.2
out = np.stack([restoration.richardson_lucy(lin[..., i], psf, num_iter=20)
                for i in range(3)], axis=-1)
out = np.clip(out, 0, 1) ** (1 / 2.2)
io.imsave("chehra_20.png", (out * 255).astype(np.uint8))
```

`L` म्हणजे रेघेची लांबी पिक्सेलमध्ये, ती विषम ठेवा. `kon` म्हणजे उजवं टोक किती अंश वर गेलं आहे ते. खाली गेलं असेल तर उणे आकडा द्या. `2.2` ने आकडे सरळ होतात आणि शेवटी परत वाकतात. फाइल आठ बिटची आहे असं यात धरलं आहे.

आता खरी मेहनत. मोजलेली लांबी एक-दोन पिक्सेल इकडे-तिकडे असू शकते, म्हणून 17, 19, 21, 23, 25, 27 अशा वेगवेगळ्या लांबी देऊन प्रती काढा आणि शेजारी ठेवून बघा. कर्नल आखूड पडला तर चेहरा थोडा मऊ राहतो, एवढंच. कर्नल लांब झाला तर मात्र प्रत्येक कडेला तिची सावली उमटते: नाकाच्या बाजूला दुसरं फिकट नाक, बुबुळाच्या दोन्ही अंगांना काळसर चंद्रकोर. कोन चुकला तर भुवईवर करवतीसारखे दात येतात. मऊ राहिलेला चेहरा पाहणाऱ्याला खटकत नाही, पण सावली पडलेला चेहरा बघून आईलाही आपलं मूल परकं वाटतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा आखूड घ्यावा. त्या मुलीच्या फोटोत 25 पासून नाकपुडीजवळ सावली सुरू झाली, 23 ला बुबुळाची कड सगळ्यात स्वच्छ होती आणि 21 त्याच्या अगदी जवळ. मी 21 ठेवला, कारण डाव्या गालावर तो जास्त शांत दिसत होता.

कर्नल अचूक मिळाला तरी काही तपशील परत येणारच नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्लर 23 पिक्सेलचा असेल आणि चित्रात काळे-पांढरे पट्टे बरोबर 23 पिक्सेलच्या अंतराने येत असतील, तर रेघेभर सरकताना प्रत्येक पिक्सेलवर एक पूर्ण काळा-पांढरा पट्टा सांडतो आणि सगळीकडे सारखाच करडा रंग येतो. तो पट्टा तिथे होता याची कुठलीच खूण उरत नाही. साडेअकरा पिक्सेलच्या पट्ट्यांचं तेच, त्याच्या तिसऱ्या, चौथ्या भागाचंही तेच. नेमक्या या गाळलेल्या जागा टाळण्यासाठी मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांचे सहकारी अमित अग्रवाल, जॅक टंबलिन यांनी 2006 मध्ये एक वेगळा कॅमेरा दाखवला होता. एकाच फोटोच्या वेळात त्याचं शटर ठरावीक सांकेतिक क्रमाने अनेकदा उघडतं आणि मिटतं. त्यामुळे सरकणाऱ्या वस्तूची सलग रेघ न होता तुटक रेघ होते आणि कुठलाच पट्टा पूर्ण पुसला जात नाही. आपल्या फोनचं शटर तसं नाही, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग उघडं असतं. त्यामुळे पुसलेलं ते पुसलेलंच, आणि प्रोग्रामला तिथे जबरदस्ती केली की तो दाण्यांमधून पट्टे तयार करतो.

फेऱ्या वाढवत राहणं

ही जबरदस्ती होते ती फेऱ्यांच्या आकड्यातून. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत चेहरा झपाट्याने सुधारतो, डोळा उघडताना दिसतो, आणि मग वाटतं की शंभर फेऱ्या दिल्या तर पापण्याही येतील. त्या येत नाहीत. पुढच्या फेऱ्यांमध्ये दाणे वाढतात आणि धावण्याच्या दिशेला आडवे येणारे बारीक पट्टे गालावर पसरतात. फोनच्या जेपेगला बहुतेक वेळा 15 ते 25 फेऱ्या पुरतात, भर उन्हातल्या स्वच्छ रॉ फोटोला थोड्या जास्त. 10, 20, 30 अशा तीन प्रती काढा आणि डोळ्याकडे न बघता कपाळाकडे बघा. कपाळावर तपशील मुळात कमी असतो, त्यामुळे तिथे पट्टे दिसू लागले की ते प्रक्रियेने तयार केलेले आहेत हे नक्की. त्याच्या आधीची प्रत घ्यावी.

बघताना स्क्रीनवर 400 टक्के मोठं करून बघू नका. 5×7 च्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल धरले तर 1500×2100 पिक्सेल लागतात. मूळ फोटोतून मुलीभोवतीचा तेवढाच भाग कापून घेतला, तर 240 पिक्सेलचा चेहरा कागदावर दोन सेंटिमीटर होतो. 23 पिक्सेलचा मूळ ब्लर त्यावर दोन मिलिमीटर दिसला असता, आणि तेवढ्या चेहऱ्यावर तो डोळ्यात भरतो. प्रक्रियेनंतर पाच-सहा पिक्सेलचा मऊपणा राहिला तर तो अर्धा मिलिमीटर. हातात धरलेल्या प्रिंटवर तो मऊपणा खुपत नाही. म्हणजे अजून दहा फेऱ्या देऊन जे मिळवायचं ते या कागदावर दिसणारच नव्हतं. याच चेहऱ्याची मोठी फ्रेम करायची म्हटली तर उत्तर वेगळं येईल, हे प्रिंट मागणाऱ्याला आधी सांगावं.

बुबुळातली पांढरी रेघ तशीच सोडणं

ज्या रेघेने आपल्याला कर्नल दिला तीच आता त्रास देते. आकाशाचं प्रतिबिंब इतकं उजळ असतं की तिथे कॅमेऱ्याची मर्यादा संपून आकडा 255 वर अडकतो. खरा प्रकाश त्याहून जास्त होता, पण नोंद 255 चीच. प्रोग्रामला हे माहीत नसतं, त्यामुळे हिशोब जुळवायला तो त्या रेघेच्या दोन टोकांना काळे ठिपके टाकतो आणि डोळा फुटल्यासारखा दिसतो. इथे हाताने काम करावं लागतं. प्रक्रिया झालेल्या प्रतीत ते काळे ठिपके आजूबाजूच्या बुबुळाच्या रंगाने क्लोन करून भरा आणि रेघेच्या मध्यावर तीन पिक्सेलचा एकच पांढरा ठिपका राहू द्या. मध्य तोच का, तर आपला कर्नल मध्याभोवती सारखा आहे, त्यामुळे बाकीचा चेहराही रेघेच्या मध्यावरच गोळा झालेला असतो. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच जागी येऊ द्या, नाहीतर नजर तिरळी दिसते.

चेहरा परत बसवताना केसांपर्यंत जाणं

गालाच्या, कानाच्या आणि केसांच्या कडेला मुलीचा आणि पार्श्वभूमीचा प्रकाश मिसळलेला असतो. शटर उघडलं तेव्हा तिथे कट्टा दिसत होता, मिटलं तेव्हा गाल. आपला कर्नल फक्त चेहऱ्याच्या सरकण्याचा आहे, त्यामुळे या मिसळलेल्या पट्ट्यावर तो लागू होत नाही आणि तिथे चेहऱ्याभोवती कडी उमटते. यावर उपाय एकच, तिथे जाऊच नये. सुधारलेला चेहरा मूळ फोटोवर वेगळ्या लेयरमध्ये ठेवा, काळा मास्क लावा आणि मऊ ब्रशने भुवया, डोळे, नाक, ओठ एवढंच उघडा. गालाच्या कडेपासून निदान कर्नलभर अंतर आत थांबा. केस, कान, वेणीची रिबीन हललेलीच राहू द्या. मूल धावतंय हे दिसायलाच हवं, नाहीतर ते हवेत टांगल्यासारखं वाटतं.

आजोबांच्या फोटोत मी लेयर पूर्ण ताकदीने ठेवला नाही. डोळ्यांवर 100 टक्के, नाक आणि ओठांवर 70 च्या आसपास. सुधारलेल्या भागात दाणे वाढलेले असतात आणि आजूबाजूचा गाल गुळगुळीत असतो, म्हणून दोन्हीकडे पोत एक वाटावा यासाठी शेवटी सगळ्या चेहऱ्यावर हलकेच सारखे दाणे टाकले. डोळ्यांच्या खाली आडव्या सावलीचा एक फिकट पट्टा राहिला होता, तो वेगळ्या लेयरवर ब्रशने उजळला. पापण्या नव्हत्या आणि मी त्या काढल्या नाहीत. दुसऱ्या फोटोवरून किंवा अंदाजाने पापण्या रंगवल्या तर चेहरा टवटवीत दिसतो, पण तो त्या मुलीचा राहत नाही, आणि घरच्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

प्रिंट काढताना आधी फक्त चेहऱ्याचा भाग त्याच मापाने 4×6 च्या कागदावर काढून बघा. 20 फेऱ्यांची, 15 फेऱ्यांची आणि न सुधारलेली अशा तिन्ही प्रती एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसतात. मॅट कागदावर बारीक पट्टे कमी दिसतात, ग्लॉसीवर लगेच चमकतात, म्हणून अशा फोटोला मी मॅटच सुचवतो. आजोबांनी ट्यूबलाइटखाली तिन्ही चेहरे बघितले आणि 15 वाल्यावर बोट ठेवलं. मूळ फाइल, कापलेला चेहरा, आणि लांबी-कोन-फेऱ्या लिहिलेली चिठ्ठी त्याच फोल्डरमध्ये ठेवून दिली, म्हणजे कधी मोठ्या मापाची प्रिंट मागितली तर मोजणी पुन्हा करायला नको.